बोनेटवरची पावती

शिवांजलीची एक पद्धत होती. फिरतीच्या खर्चाचे महिन्याचे क्लेम हातात आले की ती आधी बेरीज करायची नाही. सगळ्या पावत्यांचे फोटो उघडायचे, प्रत्येकीचा पंप किंवा दुकान, पावती नंबर, तारीख, वेळ आणि रक्कम तक्त्यात भरायची, मग रकमेप्रमाणे ओळी लावायच्या. सारख्या रकमा शेजारी शेजारी आल्या की त्यांचे फोटो पुन्हा काढून बघायचे. हे झाल्याशिवाय खालच्या रकान्याला हात लावायचा नाही. बेरीज एकदा मांडली की माणसाचं डोकं त्या आकड्याच्या बाजूनं बोलायला लागतं, असं तिचं मत होतं.

गावोगाव बांध-नाल्यांची कामं करणाऱ्या धाराशिवच्या एका संस्थेत शिवांजली हिशेब बघायची. समोरच्या टेबलावर शुभांगी आणि आतल्या खोलीत लेखापाल पंचाक्षरी सर. फिरतीवरची माणसं पावतीचा फोटो मोबाइलवर पाठवायची आणि मूळ कागद महिनाअखेरीला कोऱ्या पानांवर चिकटवून आणून द्यायची. पंधरा वर्षं तिचे आप्पा, म्हणजे वडील महांतप्पा, त्याच संस्थेची जीप चालवत होते. फेब्रुवारीत ते गेले.

त्यांचा शेवटचा क्लेम महिनाभर तसाच पडून होता. आता तो निकाली काढायचा होता.

"तुझ्या वडलांचं तू भरू नको," पंचाक्षरी सर म्हणाले होते. "घरच्या माणसाचं घरच्यानं करायचं न्हाय, नियम हाय. शुभांगी भरंल. तू रणधीरचं घे."

रणधीर ईट गावाच्या भागातल्या कामाचा प्रमुख. आप्पा गेले त्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं ते त्यानंच. शिवांजलीनं त्याचे फोटो मुकाट्यानं भरले. शुभांगीनं आप्पांचे भरले. दोघींच्या ओळी एका तक्त्यात आल्या, रकमेप्रमाणे लागल्या, आणि दोन हजारांच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. ईटजवळचा पंप तोच, तारीख तीच, गाडी तीच. आप्पांच्या ओळीत पावती नंबर होता आणि वेळ होती, सकाळी सव्वानऊ. रणधीरच्या ओळीत ते दोन्ही रकाने रिकामे. फोटोत तेवढ्यावरच त्याचा अंगठा आला होता.

"लिटरसुद्धा पॉइंटापर्यंत सारखे हायत की," शुभांगी मान वाकडी करून म्हणाली.

"ते असणारच. एकाच दिवशी दर तोच, रक्कम गोल. दोन हजाराचं कुणी कधीपन भरलं तरी तेवढंच येणार."

"मग दोन वेगळ्या पावत्या?"

दोन वेगळ्या पावत्या असू शकतात, हे शिवांजलीला चांगलंच माहीत होतं. किंबहुना गेला महिनाभर ती तेच मानून जगली होती. मातीच्या दिवशी अंगणात बसलेल्या माणसांसमोर रणधीरनं सांगितलं होतं, "आप्पाला छातीत कळ आली तवा चार वाजले होते. उचलून गाडीत घातलं. बघतो तर टाकी कोरडी. काय करता? पंपावर थांबलो, खिशातले दोन हजार घातले नि बार्शीपर्यंत गाडी उडवली. पण देवाला मान्य नव्हतं." बायका हळहळल्या होत्या. तिच्या आईनं, नागम्मा अव्वानं, त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला होता. आणि शिवांजलीच्या मनात एक खिळा रुतला होता तो रुतलाच. आप्पांनी टाकी कोरडी का ठेवली? पंपावर गेलेली पाच-सात मिनिटं मिळाली असती तर? अंघोळ करताना, भाकरी थापताना, रस्ता ओलांडताना ती त्या पंपावर थांबलेली असायची. मागच्या सीटवर आप्पा, आणि पुढं नळी लावून उभा असलेला माणूस.

तिनं दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवले.

पहिला आप्पांचा. ते पावती हातात पडली की तिथंच जीपच्या बोनेटवर ठेवायचे, खालच्या कोऱ्या पट्टीवर पेनानं किलोमीटरचा आकडा लिहायचे आणि फोटो काढायचे. सगळे ड्रायव्हर फोटो पाठवायचे, पण किलोमीटर लिहिणारे ते एकटेच. पंधरा वर्षांत एकदा चुकलं नाही. कागद कोरा करकरीत, उन्हात पांढरा झालेला, कडेला त्यांच्या बोटाची सावली.

दुसरा रणधीरचा. पिवळट उजेड, कागद तिरका, घड्या पडलेला. वरच्या भागावर अंगठा. खालची पट्टी मागं दुमडलेली.

"हे बघ," शुभांगीनं बोट ठेवलं. "दोन्हीत ही उभी पांढरी रेघ हाय. अक्षरं मधेच तुटलीत."

"ती मशीनची रेघ. त्या पंपावरच्या समद्या पावत्यांवर येती. त्यानं काय ठरत न्हाय." मशीनच्या खुणा आणि कागदाच्या खुणा वेगळ्या असतात. मशीनची खूण शंभर कागदांवर उमटते. कागद फाटतो तो एकदाच, एकाच जागी. तिनं पहिला फोटो मोठा केला. पावती मशीनमधून ओढताना उजव्या कडेला फाटली होती. आधी आत गेलेला बारीक दात, मग नखाएवढा बाहेर आलेला तुकडा, गाडीच्या नंबराच्या ओळीला लागून. तिनं दुसरा फोटो मोठा केला. तिरक्या कागदाच्या उजव्या कडेला, गाडीच्या नंबराच्या ओळीला लागून, तोच दात आणि तोच तुकडा.

शुभांगीनं तोंडावर हात ठेवला.

शिवांजली मात्र दुसऱ्याच गोष्टीकडं बघत होती. दुसऱ्या फोटोतल्या घडीत राखाडी-पांढरा डाग होता. पहिल्यात तो नव्हता. आप्पा शर्टाच्या खिशात विभूतीची पुडी ठेवायचे. ती कायम फुटायची. त्यांच्या नोटा, रुमाल, मोबाइलचं कव्हर, सगळ्याला तो रंग असायचा. अव्वा शर्ट धुताना कातावायची.

सकाळी बोनेटवर कोरा असलेला कागद चार घड्या होऊन आप्पांच्या खिशात गेला होता. आणि खिशातून रणधीरच्या अंगठ्याखाली.

ती उठली, मोरीत जाऊन चूळ भरून आली आणि पुन्हा खुर्चीवर बसली.

पंचाक्षरी सरांनी दोन्ही फोटो बघितले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं आणि त्या वर्षात कुणाशी वाकडं येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

"एकच हाय," ते शेवटी म्हणाले. "दुबार हाय. एक कापावी लागती."

"व्हय सर."

"पण पोरी, अडचण बघ. नियम काय म्हणतो? मूळ कागद ज्याच्या क्लेमला, पावती त्याची. रणधीरनं मूळ चिकटवून दिलीय. तुझ्या आप्पांचा नुसता फोटो हाय."

"मूळ त्यांच्या खिशात होती."

"ते मला कळतंय. कागदावर कसं दिसंल ते सांगायलोय. मयत माणसाचा क्लेम, मूळ पावती न्हाय, दुबार फोटो. पुण्याच्या मुख्य हापिसात हेच वाचतील, की ड्रायव्हरनं साहेबाच्या पावतीचा फोटो आपल्या नावावर लावला." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन हजाराचा तर प्रश्न हाय. तुझ्या आप्पांच्या क्लेममधली कापून टाकू. कुणाला कळतंय? बाकीचा क्लेम घरी लवकर पोचंल."

"आणि शेऱ्यात काय लिहायचं?"

"नेहमीचंच. दुबार मागणी, अमान्य."

"महांतप्पांच्या नावापुढं?"

सर टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

"मला रणधीर सरांची मूळ पानं बघायचीत," शिवांजली म्हणाली. "तुमच्या समोर. आणि त्यांना बोलवा."

रणधीर त्या दिवशी दोन दिवसांच्या बैठकीसाठी धाराशिवलाच आला होता. तो आत आला तो नेहमीसारखा, दाराला लाडानं एक थाप मारून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल.

"काय गं शिवा, बरी हैस ना? नागम्मा काकी कशा हायत? मी म्हणलं यायचंच होतं घरी, पण ह्या कामांनी जीव काढलाय."

"बऱ्या हायत. सर, चौदा तारखेच्या डिझेलच्या पावतीबद्दल विचारायचं होतं."

"विचार की."

"किती वाजता भरलं?"

"अगं, तुला सांगितलंय की. आप्पाला घेऊन निघालो तवा. चार-सव्वाचार. त्या दिवशी घड्याळ बघायची शुद्ध कुणाला होती?"

"तुम्ही स्वतः भरलं?"

"मग काय तुझ्या आप्पानं उठून भरलं?" तो हसला, आणि आपण काय बोललो ते कळून लगेच गंभीर झाला. "तसं न्हाय म्हणायचं मला. पोरी, त्या गोष्टी कशाला उकरतीस? तुलाच तरास."

शिवांजलीनं त्याची पानं पुढं ओढली. पावत्या एकीवर एक कौलांसारख्या चिकटवल्या होत्या. डिझेलच्या पावतीच्या खालच्या भागावर एका हॉटेलच्या चहा-नाष्ट्याचं बिल होतं. असं कुणीही चिकटवतं, जागा वाचते. तिनं नखानं चहाचं बिल कोपऱ्यातून उचललं. डिंक पातळ होता. ते सुटून आलं.

"अगं फाटंल ते!"

"फाटत न्हाय."

खालची पट्टी मागं दुमडून चिकटवलेली होती. तिनं ती हलकेच सोडवली आणि तळव्यानं सपाट केली. निळ्या पेनानं लिहिलेला आकडा समोर आला. एक रेघ विभूतीनं पुसट झाली होती, पण नऊ तसाच होता, पोट मोठं नि शेपूट लांब, जसा तिच्या पहिलीच्या पाटीवर आप्पांनी गिरवायला काढून दिला होता तसा. आणि वर, फोटोत अंगठ्याखाली गेलेल्या ओळीत, छापलेली वेळ: सव्वानऊ. सकाळचे.

पंचाक्षरी सर खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. ते हळूच परत बसले.

"हे अक्षर कुणाचं हाय, सर?" शिवांजलीनं रणधीरला विचारलं.

रणधीरनं एक मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "आता त्या धांदलीत कुणाचा कागद कुठं गेला, कुणाला ध्यान असतंय? दवाखान्यात त्यांचं सामान माझ्याकडं दिलं. त्यात ही आली असंल. माझी हरवली असंल. माझ्या हापिसातल्या पोरानं चिकटवताना चुकून..."

"फोटो तुमच्या मोबाइलवरून आलाय. अंगठा तुमचा हाय."

"मग चुकून मीच काढला!"

"पट्टी दुमडून?"

"शिवांजली," पंचाक्षरी सर मधे पडले, "चूक झाली म्हणतायत ते."

"मग तुमची पावती हरवली म्हणता, तर पंपावर विचारू," ती सरांकडं न बघता म्हणाली. "त्या दिवशी चारच्या सुमाराला ह्या गाडीला डिझेल घातलं का, एवढंच. त्यांच्याकडं दिवसाची नोंद असती. फोन लावू का?"

शुभांगी दारात कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं.

"सकाळी सव्वानऊला दोन हजाराचं घातल्यावर," शिवांजली बोलत राहिली, "दुपारी टाकी कोरडी व्हायला गाडी ईटहून पुण्यापर्यंत जावी लागंल. टाकी कोरडी नव्हती. तुम्ही कुठं थांबलाच नव्हता."

तोवर तिनं हे स्वतःशीही एवढं सरळ म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि महिनाभर रुतलेला खिळा निघाला. पण त्याच्या जागी सुटका नव्हती, फक्त भोक होतं. कुणी थांबलं नव्हतं. पाच-सात मिनिटं वाया गेलीच नव्हती. आप्पा स्वतःच्या पैशानं भरलेल्या डिझेलवर बार्शीला गेले होते, आणि ह्या माणसानं दोन हजारांसाठी तिला रोज त्या पंपावर उभं केलं होतं.

रणधीर लाल झाला. "म्हंजे मी चोर? दोन हजारासाठी? अगं, तुझ्या बापाला ह्या हातांनी उचलून गाडीत घातलं मी! तवा तू कुठं होतीस? हापिसात बसून माझेच फोटो तपासत असशील!"

"उचललं, ते खरं हाय," ती म्हणाली. "ते म्या कधी इसरणार न्हाय."

आणि ते खरंच होतं. तेच सगळ्यात किळसवाणं होतं. हा माणूस निव्वळ लबाड असता तर तिनं क्लेम कापला असता नि हात धुतले असते. पण ह्याच हातांनी आप्पांना काखेत धरून सीटवर निजवलं होतं, बहुतेक पाणीही पाजलं असेल. आणि ह्याच हातांनी, कधीतरी, त्यांच्या छातीवरचा खिसा चाचपला होता. तिला त्या दोन हातांना वेगळं करता येत नव्हतं. गोडाच्या ताटात झुरळ निघावं तसं सगळंच टाकून द्यावंसं वाटत होतं, उचलणंसुद्धा.

रणधीर उठला. "काप की मग. कापून टाक माझे दोन हजार. मी सायबांशी बोलतो." दाराशी शुभांगी बाजूला झाली नाही, त्याला अंग चोरून जावं लागलं.

पंचाक्षरी सरांनी ती पानं स्वतःकडं ओढली. मग म्हणाले, "शेरा गुळमुळीत लिहितो. 'चुकीने दुबार आलेली पावती वगळली.' कुणाचं नाव नको."

"नाव नको तर आप्पांचंपन नको. पण पुण्याला दोन क्लेम दिसणार हायत, सर. नाव न्हाय लिहिलं तर ते ड्रायव्हरचंच वाचणार. तुम्हीच म्हणलात."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शिवांजली उभीच राहिली. ती रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी पाणी मागवलं असतं, पाठीवर हात ठेवला असता आणि गुळमुळीत शेरा लिहिला असता. ती रडली नाही. शेवटी त्यांनी खाली मान घालून लिहिलं. रणधीर यांच्या मागणीतील डिझेलची पावती ही महांतप्पा यांनी त्याच दिवशी सकाळी सादर केलेली पावती असल्याने वगळली. मूळ पावती महांतप्पा यांच्या मागणीस जोडली. सही केली. वर काही न बोलता शिक्काही मारला.

अशा पावत्यांची शाई उडते म्हणून शिवांजलीनं तिची झेरॉक्स काढली, मूळ कागद सोबत लावला, आणि मग शुभांगीला म्हणाली, "आता आप्पांची बेरीज तू कर."

संध्याकाळी घरी गेली तेव्हा अव्वा चुलीपाशीच होती. शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्यांचा वास दारापर्यंत आला होता. आप्पा गेल्यापासून नागम्मानं पहिल्यांदाच गोड केलं होतं. पातळ पोळ्या कापडावर पसरलेल्या होत्या आणि शेजारी स्टीलचा डबा उघडा होता.

"महिना झाला," अव्वा म्हणाली. "म्हणलं काहीतरी करावं. रणधीरला आवडतात. उद्या त्याला दे डबा. त्या पोरानं लई केलं आपलं."

शिवांजली चप्पल काढून पायरीवरच बसली.

"अव्वा, आप्पांच्या खिशातलं सामान कुणी दिलं तुला?"

"त्यानंच की. दवाखान्याच्या ओट्यावर, रुमालात बांधून. मोबाइल, कंगवा, विभूतीची पुडी, पैसे. एक रुपया इकडं-तिकडं न्हाय." अव्वानं हात पदराला पुसले. "मीच म्हणलं, अरे तू डिझेल घातलंस, त्यातले दोन हजार घे. नको नको म्हणला. मी हातात कोंबले तवा घेतले."

म्हणजे शिवांजलीनं जो क्लेम कापला तो दुसरा होता. पहिला तर दवाखान्याच्या ओट्यावर, आप्पांच्याच खिशातल्या नोटांनी कधीच चुकता झाला होता. त्या नोटांनाही विभूती लागलेली असणार.

सांगू नये, असं तिला एकदा वाटलं. अव्वाला त्या दिवसातलं एकच चांगलं माणूस उरलं होतं. पण मग उद्या डबा न्यावा लागला असता. तो डबा रणधीरच्या पुढं ठेवताना आपला हात कसा दिसेल, हे तिनं मनात बघितलं, आणि सांगितलं. सगळं नाही, बोनेटवरचा फोटो, खिसा, आणि गाडी कुठंच थांबली नव्हती हे. टाकी आप्पांनी सकाळीच भरली होती, हे तिनं दोनदा सांगितलं.

अव्वा ऐकत होती. मधेच तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. आक्रस्ताळेपणा नाही, शिव्या नाहीत. मग तिनं विचारलं, "कवा काढला त्यानं?"

"काय?"

"कागद. खिशातनं. जीव होता तवा, का नंतर?"

पावतीवर सव्वानऊची वेळ होती. त्यानंतर त्या कागदाचं काय झालं ते कुठंच छापलेलं नव्हतं.

"माहीत न्हाय, अव्वा."

नागम्मानं डब्यात ठेवलेल्या चार पोळ्या पुन्हा ताटात काढल्या. रिकामा डबा उलटा करून तळ हातानं झटकला, आणि तो मोरीत घासायच्या भांड्यांवर ठेवून दिला. मग एक पोळी मोडून त्यावर तूप घातलं आणि लेकीच्या पुढं सरकवली.

"खा. गार व्हायली."